न्यूरेंबर्गच्या पत्त्यावर मराठी दाव्याचं समन्स

माझा सख्खा मोठा भाऊ गेली बावीस वर्षं जर्मनीत आहे. वडिलांच्या पश्चात शेताच्या आणि जुन्या घराच्या वाटपासाठी मला दिवाणी न्यायालयात दावा करावा लागला आणि त्यात दादा प्रतिवादी झाला. गावातल्या दोन्ही काकांना समन्स आठवड्याभरात मिळालं. दादाला ते कायदेशीर रीतीने मिळायला तब्बल सोळा महिने लागले. या सोळा महिन्यांत काय झालं, कुठे अडलं, किती पैसे गेले, ते सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. परदेशातल्या माणसावर दावा असलेले लोक न्यायालयाच्या व्हरांड्यात मला नेहमी भेटतात, आणि त्यांच्या वकिलांनीही हे काम पूर्वी केलेलं नसतं. म्हणून हे लिहिते आहे.

दावा १४ जून २०२२ रोजी दाखल झाला. आमच्या वकीलबाईंनी काकांसाठी बेलिफाचा भत्ता भरला आणि दादासाठी रजिस्टर पोस्टाने समन्स पाठवायचा अर्ज दिला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ मधल्या नियम २५ मध्ये तशी सोय आहे: प्रतिवादी भारताबाहेर राहत असेल आणि इथे त्याचा मुखत्यार नसेल, तर टपालाने किंवा कुरिअरने समन्स पाठवता येतं. मी दिलेला पत्ता एका जुन्या राखीच्या पाकिटावरचा होता. सप्टेंबरच्या शेवटी पाकीट परत आलं. त्या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही, असा शिक्का होता.

मी दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर दाव्याची प्रत पाठवली. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. मला वाटलं, त्याला कळलंय, आता पुढे जायला हरकत नाही. नोव्हेंबरच्या तारखेला न्यायाधीशांनी शांतपणे सांगितलं की कळणं वेगळं आणि बजावणी वेगळी. बजावणी नीट झाली नसेल, तर उद्या एकतर्फी हुकूमनामा झाला तरी आदेश ९ नियम १३ खाली तो रद्द करून मागता येतो, आणि मग सगळं पहिल्यापासून. रोजनाम्यात ओळ पडली: वादीने प्रतिवादी क्रमांक ३ चा अचूक पत्ता द्यावा व योग्य ती तजवीज करावी.

त्या संध्याकाळी वकीलबाईंनी पुण्यातल्या त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन लावला. मी समोरच बसले होते. पलीकडून पहिला प्रश्न आला, कोणता देश? जर्मनी म्हटल्यावर ते म्हणाले, "मग टपाल विसरा. अचूक पत्त्यावर गेलं असतं तरी उपयोग नव्हता."

कारण असं. दिवाणी आणि व्यापारी प्रकरणांतली कागदपत्रं परदेशात बजावण्यासाठी १९६५ चा हेग करार आहे. भारत त्यात २००६ मध्ये सामील झाला आणि १ ऑगस्ट २००७ पासून तो आपल्याला लागू आहे. जर्मनीत तो १९७९ पासून आहे. या कराराच्या कलम १० मध्ये थेट टपालाने कागद पाठवायची मुभा आहे, पण एखाद्या देशाला ती नको असेल तर तसं जाहीर करता येतं. जर्मनीने तसं जाहीर केलं आहे. भारतानेही केलं आहे, त्यामुळे तिकडच्या न्यायालयाने आपल्याकडे टपालाने पाठवलेल्या कागदाचीही तीच गत होते. आपल्या संहितेत नियम २५ आहे हे खरं, पण ज्या देशात कागद पोचवायचा आहे तो देश ती पद्धत मानत नसेल, तर त्या पोचपावतीवर पुढे कुणीही बोट ठेवू शकतं. म्हणून कुणाच्याही बाबतीत पहिली चौकशी हीच करावी: समोरचा देश करारात आहे का, आणि असेल तर त्याने कशाकशाला नकार दिला आहे. हेग परिषदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक देशाच्या नावापुढे त्या देशाच्या घोषणा वाचायला मिळतात. आम्ही हे दाव्याच्या आधी वाचलं असतं, तर पाच महिने वाचले असते.

मग मला वाटलं, म्युनिकला भारताचा वाणिज्य दूतावास आहे, त्यांच्याकडून का नाही? तोही रस्ता बंद निघाला. वकिलातीमार्फतची बजावणी कलम ८ मध्ये येते, आणि जर्मनीचं म्हणणं असं की कागद पाठवणाऱ्या देशाचा नागरिक असेल तरच हे चालेल. दादाने २०१५ मध्ये जर्मन नागरिकत्व घेतलं होतं. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असता, तर कदाचित हा लेख इथेच संपला असता. तुमच्या माणसाचं नागरिकत्व आधी पक्कं माहीत करून घ्या. बऱ्याच घरांत ते नक्की कुणाला ठाऊक नसतं.

उरला मुख्य रस्ता, केंद्रीय प्राधिकरणाचा. प्रत्येक सदस्य देशाने असं एक कार्यालय नेमलेलं असतं, तिथे विनंती जाते, ते आपल्या देशातल्या पद्धतीने कागद बजावतं आणि प्रमाणपत्र परत पाठवतं. भारतात हे काम दिल्लीच्या विधी व न्याय मंत्रालयाचा विधी कार्य विभाग करतो. जर्मनीत मात्र एकच कार्यालय नाही, प्रांतागणिक वेगळं आहे. न्यूरेंबर्ग बव्हेरियात येतं, म्हणून आमचं कार्यालय म्युनिकच्या ओबरलांडेसगेरिश्टच्या, म्हणजे तिथल्या उच्च न्यायालयाच्या अध्यक्षांचं. दादा फ्रांकफुर्टला असता तर पत्ता हेसेच्या प्राधिकरणाचा घालावा लागला असता.

पण त्याआधी पत्ता हवा होता. पत्ता माहीत नसेल तर हा करार लागूच होत नाही, असं त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे. इथे जर्मनीची एक गोष्ट आमच्या मदतीला आली. तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला आपला पत्ता नगरपालिकेच्या नोंदणी कार्यालयात नोंदवावा लागतो, घर बदललं की पुन्हा. आणि त्या नोंदवहीतून माणसाचं नाव व चालू पत्ता एवढी साधी माहिती शुल्क भरून कुणालाही मागता येते. माझी मावसबहीण त्याच भागात नोकरीला आहे. दादाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जुना पत्ता देऊन तिने अर्ज केला, दहा-बारा युरो भरले, आणि १९ डिसेंबरला तिच्या हातात छापील उत्तर आलं. दादा त्याच शहरात, दोन उपनगरं पलीकडे राहायला गेला होता. तो कागद आम्ही न्यायालयात दाखल केला. पत्ता कुठून आणला हे विचारलं, तर दाखवायला सरकारी उत्तर होतं.

तिने आणखी एक गोष्ट केली, जी मला सुचली नसती. एका रविवारी ती त्या इमारतीवरून गेली आणि पत्रपेटीवरच्या नावाचा फोटो पाठवला. तिथे इमारतीत टपाल फ्लॅटच्या क्रमांकावर नाही, पेटीवरच्या आडनावावर पोचतं. दादाच्या आडनावाचं स्पेलिंग पेटीवर वेगळं होतं, आपल्या ‘व’ साठी त्याने डब्ल्यू लावला होता, आणि पासपोर्टवरही तसंच असणार. दाव्यात आम्ही व्ही लिहिला होता. वकीलबाईंनी लगेच दुरुस्ती अर्ज देऊन प्रतिवादीच्या नावापुढे दुसरं स्पेलिंगही घालून घेतलं.

जानेवारी २०२३ मध्ये करारानुसार समन्स पाठवण्याचा अर्ज दिला आणि ९ फेब्रुवारीला तो मंजूर झाला. आता भाषेचा प्रश्न आला, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जड गेला तो हाच.

आमचा दावा मराठीत आहे. तालुक्याच्या न्यायालयात तसाच असतो. दादा मराठी शाळेत शिकलेला, आजही आईला पत्र लिहायचं तर मराठीतच लिहायचा. मी वकीलबाईंना विचारलं, "ज्याला वाचायचंय त्याला मराठी येतं, मग जर्मन भाषांतर कुणासाठी?" त्यांनी मला विनंतीच्या नमुन्यातले तीन पर्याय दाखवले. पहिला, त्या देशाच्या कायद्यात ठरलेल्या पद्धतीने रीतसर बजावणी. दुसरा, आपण सांगू त्या खास पद्धतीने. तिसरा, माणूस आपखुशीने घेईल तर नुसतं हातात देणं. तिसऱ्याला भाषांतर लागत नाही, पण त्याने ‘नको’ म्हटलं की विषय संपला, आणि आपण सहा महिने मागे. पहिल्याला त्याची संमती लागत नाही, पण जर्मनीच्या कायद्याप्रमाणे कागद जर्मनमध्ये असावा किंवा जर्मन भाषांतर जोडलेलं असावं, यात सूट नाही. घेणाऱ्याला कोणती भाषा येते हे तिथे पाहत नाहीत.

दादा उत्तर देत नव्हता. तो कागद आपखुशीने घेईल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते. पहिला पर्याय धरला.

पुण्यात जर्मन शिकलेल्यांची कमतरता नाही, आणि मला मराठीतून थेट जर्मनमध्ये भाषांतर करणाऱ्या एक बाई भेटल्या. आधी एका संस्थेने मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं जर्मन असा दुहेरी दर सांगितला होता. थेट करून घेतल्याने पैसे तर वाचलेच, पण चुकाही टळल्या. दर पानाला ११०० रुपये. सुरुवातीला मी दाव्यासोबतची सगळी कागदपत्रं काढून ठेवली होती, जवळजवळ दीडशे पानं. वकीलबाईंनी ती बाजूला केली. समन्सबरोबर दाव्याची प्रत जाणं आवश्यक आहे. फेरफार, जुने उतारे, पत्रव्यवहार हे सगळं बजावणीत जायची गरज नाही. समन्सची दोन पानं, दाव्याची चौदा, मिळकतीच्या वर्णनाची तीन आणि तात्पुरत्या मनाईच्या अर्जाची चार, अशी तेवीस पानं झाली. २५,३०० रुपये. दीडशे पानांचे किती झाले असते, याचा हिशेब मी केला नाही.

त्या भाषांतरकार बाईंशेजारी मी दोन दुपारी बसले. ‘एकत्र कुटुंब’ आणि ‘कर्ता’ यांना जर्मनमध्ये नेमका शब्द नाही, म्हणून त्यांनी मूळ शब्द रोमन लिपीत ठेवून पुढे एका ओळीत अर्थ दिला. सातबाऱ्याचंही तसंच केलं. चतुःसीमेपाशी आम्ही बराच वेळ थांबलो: पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, पश्चिमेस चुलत्यांचं क्षेत्र. ओढ्यासाठी त्यांनी दोन शब्द सुचवले आणि मला विचारलं, त्याला पाणी बारमाही असतं का? मी म्हटलं, नाही, माघापर्यंत आटतो. लहानपणी दादाने मला याच ओढ्यात पोहायला शिकवलं होतं. तो शब्द ठरवताना माझे डोळे भरून आले, आणि त्या बाई काही न बोलता चहा करायला उठल्या.

क्षेत्राच्या बाबतीत मात्र आम्हाला काहीच करावं लागलं नाही. शेत एक एकर बारा गुंठे, पण उतारा हेक्टर-आरमध्ये असतो: ० हेक्टर ५२.६० आर. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि हे माप जर्मन लोकही जमिनीसाठी ओळखतात. गुंठे लिहिले असते तर तळटीप द्यावी लागली असती.

या काळात एका मध्यस्थाने मला सांगितलं की परदेशी कागद जाणार म्हणजे त्यावर मंत्रालयाचा, मग परराष्ट्र खात्याचा शिक्का हवाच, आणि त्याचे त्याने साडेसहा हजार घेतले. ते वाया गेले. कराराच्या कलम ३ मध्ये स्पष्ट आहे की अशा विनंतीला कुठल्याही साक्षांकनाची किंवा तत्सम सोपस्काराची गरज नाही. न्यायालयाचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही एवढंच लागतं.

११ एप्रिल २०२३ रोजी पहिलं पुडकं न्यायालयातून दिल्लीला गेलं. जूनमध्ये ते परत आलं. बरोबरच्या पत्रात तीन त्रुटी होत्या, आणि तिन्ही खऱ्या होत्या, आमच्याच बाजूच्या.

एक, विनंती आणि कागदपत्रं दोन प्रतींत हवी होती. आम्ही भाषांतराची एकच प्रत जोडली होती. एक संच माणसाला मिळतो, दुसरा प्रमाणपत्राबरोबर परत येतो.

दोन, नमुन्यातले ते तीन पर्याय. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की लागू नसेल ते खोडा. टंकलेखन करताना ते कुणीच खोडलं नव्हतं. तिन्ही तसेच ठेवले तर वाचणाऱ्याने काय समजायचं? दुसऱ्या वेळी वकीलबाईंनी स्वतः शाईने दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायावर रेघ मारली आणि प्रत्येक प्रतीवर तपासली.

तीन, समन्समधली हजर राहण्याची तारीख. ती होती १० जुलै २०२३. कागद दिल्लीहून निघून म्युनिकला पोचेपर्यंतच ती उलटून गेली असती, आणि उलटलेल्या तारखेचं समन्स बजावून काही साधत नाही. नेहमीच्या तारखा महिना-दीड महिन्याच्या असतात, त्यामुळे कार्यालयातून आपोआप तशीच पडते. परदेशी बजावणी असेल तर न्यायाधीशांना अर्ज करून निदान सहा महिने पुढची तारीख मागून घ्यावी लागते. आम्ही मागितली. १८ जानेवारी २०२४ मिळाली. अर्थात समन्स नवीन, म्हणून त्याचं भाषांतरही नवीन. त्या बाईंनी बदललेल्या दोन पानांचेच पैसे घेतले.

नमुन्याविषयी थोडं सांगते, कारण तो प्रत्येकाला भरावाच लागतो. त्याचे तीन भाग असतात: विनंती, प्रमाणपत्राची कोरी जागा, आणि बजावायच्या कागदाचा सारांश. छापील मजकूर इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असतो, रिकाम्या जागा इंग्रजी, फ्रेंच किंवा त्या देशाच्या भाषेत भरता येतात. प्रमाणपत्राची जागा कोरीच ठेवायची, ती तिकडचे लोक भरतात. सारांशात दाव्याचं स्वरूप, पक्षकारांची नावं, हजर राहायची तारीख आणि ठिकाण, कैफियत म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर देण्याची मुदत एवढं येतं. हा भाग माणसाला कागदांबरोबर मिळतो, म्हणून आम्ही तो इंग्रजीत भरून खाली जर्मनही दिला. त्याच्यासोबत एक इशारावजा पान जातं, ज्यात लिहिलेलं असतं की हा कागद कायदेशीर स्वरूपाचा आहे, तुमच्या हक्कांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, मजकूर काळजीपूर्वक वाचा. हे पान मला फार महत्त्वाचं वाटलं. परक्या देशात अचानक न्यायालयाचं पाकीट हातात पडल्यावर माणूस घाबरतो. हे काय आहे आणि काय नाही, ते त्याला पहिल्याच पानावर कळतं.

दुसरं पुडकं १४ जुलै २०२३ रोजी गेलं. त्यानंतर काहीच नाही. मी दर पंधरा दिवसांनी न्यायालयात जाऊन विचारत असे, आणि उत्तर तेच असे. यात कुणाचा दोष नव्हता, कारण इथल्या कार्यालयाला पुढची हालचाल कळायची सोयच नव्हती. सप्टेंबरमध्ये दिल्लीहून एक ओळीचं पत्र आलं, विनंती म्युनिककडे रवाना केली. गणपती गेले, नवरात्र बसलं.

दसऱ्याला, २४ ऑक्टोबर २०२३ रोजी, रात्री साडेदहाला फोन वाजला. पडद्यावर दादाचं नाव होतं. सव्वा वर्षानंतर.

"पिवळं पाकीट आलंय," तो म्हणाला.

मी काय बोलावं ते सुचेना. तोच पुढे बोलत राहिला. कामावरून आला तर पेटीत ते पडलेलं. जर्मनीत न्यायालयाची रीतसर बजावणी अशा पिवळ्या पाकिटाने होते, आणि तिथे राहणारा प्रत्येकजण तो रंग ओळखतो. पोस्टमन दारावर येतो, कुणी असेल तर हातात देतो, नसेल तर पेटीत टाकतो, पाकिटावर तारीख लिहितो आणि आपल्याजवळच्या दाखल्यावर तसं नोंदवतो. पेटीत टाकलं त्या क्षणी बजावणी पूर्ण होते. उघडलं नाही, घेतलं नाही, असं म्हणून चालत नाही. म्हणजे मी ज्या नकाराची वर्षभर धास्ती घेतली होती, त्या नकाराला तिथे जागाच नव्हती.

"आधी वाटलं दंडबिंड आहे गाडीचा," दादा म्हणाला. "मग जर्मनमध्ये आपला ओढा वाचला. आणि मागच्या पानावर मराठीत तुझी सही."

आम्ही पाऊण तास बोललो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा दावा त्याने उघडून तसाच मिटला होता. बहिणीने कोर्टात ओढलं एवढंच त्याच्या मनात राहिलं होतं. आता सगळं सलग वाचल्यावर त्याला कळलं की मी त्याचा हिस्सा मागितलेला नाही, सगळ्यांचे हिस्से वेगळे मागितले आहेत. हे मी त्याला दावा करायच्या आधी फोन करून सांगायला हवं होतं. ज्यांचा माणूस परदेशात आहे, त्यांनी तो फोन आधी करावा, तो उचलो न उचलो.

दादाला कळलं, पण न्यायालयाला अजून नाही. १८ जानेवारी २०२४ उजाडली आणि प्रमाणपत्र आलेलं नव्हतं. मी दादाचा फोन आल्याचं सांगू पाहिलं, पण ते ऐकीव झालं. वकीलबाईंनी त्या दिवशी मला कलम १५ समजावलं. बजावणीचा दाखला नसताना एकतर्फी निकाल द्यायचा नाही, हा त्यातला मूळ नियम. मात्र देशाने तशी घोषणा केली असेल, तर दाखल्याशिवायही न्यायाधीश पुढे जाऊ शकतात. त्यासाठी कागद करारातल्या मार्गाने पाठवलेला असला पाहिजे, पाठवल्यापासून निदान सहा महिने आणि न्यायाधीशांना पुरेसा वाटेल एवढा काळ गेलेला असला पाहिजे, आणि शक्य ते सगळे प्रयत्न करूनही कुठलंच प्रमाणपत्र आलेलं नसलं पाहिजे. भारताने ती घोषणा केलेली आहे. आमचे सहा महिने नुकतेच पूर्ण झाले होते.

काकांचे वकील तेवढ्यासाठी आग्रही होते. वकीलबाईंनी नको म्हटलं. "प्रमाणपत्र वाटेत आहे हे आपल्याला ठाऊक आहे. आज घाई केली तर उद्या याच मुद्द्यावर अपील होईल." पुढची तारीख घेतली. १९६५ चा हा करार ज्यांनी लिहिला, त्यांना दोन्ही बाजूंची काळजी होती, असं मला त्या दिवशी वाटलं. वादीला अनंतकाळ ताटकळत ठेवायचं नाही, आणि हजारो मैलांवरच्या माणसाच्या माघारी निकालही लावायचा नाही.

प्रमाणपत्र १३ फेब्रुवारीला नाझर विभागात आलं. एकच पान. बजावणी झाली या ओळीपुढे खूण, तारीख २४.१०.२०२३, पत्ता, पद्धत, म्युनिकचा गोल शिक्का, आणि मागे आमचाच दुसरा संच. बजावणी झाली नसती तर त्याच पानाच्या दुसऱ्या भागात कारण लिहून आलं असतं. तिकडच्या सरकारने या कामाचा एक पैसाही मागितला नाही. करारात तसंच ठरलेलं आहे. खास पद्धत मागितली किंवा वेगळा अधिकारी लावावा लागला, तरच खर्च आपल्यावर येतो.

माझा एकूण खर्च, वकिलांची फी सोडून, असा झाला: भाषांतर २७,५०० (बदललेली पानं धरून), झेरॉक्स, टंकलेखन आणि भत्ता मिळून २,९००, पत्त्याच्या चौकशीचे साधारण हजार रुपये, पुण्याच्या फेऱ्या वेगळ्या. आणि ते वाया गेलेले साडेसहा हजार.

५ मार्च २०२४ च्या तारखेला दादाच्या वतीने वकील उभे राहिले. त्याने म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन मुखत्यारपत्रावर सही केली होती आणि ते आमच्या चुलत मामेभावाच्या नावे पाठवलं होतं. कैफियत महिन्याभरात आली. दावा बहुतेक कबूल, घराच्या मागच्या खोलीपुरता वाद.

त्या खोलीबद्दल एक जुनी नोंद होती, आणि तिच्यावर साक्षीदार म्हणून सही केलेल्या काकू आता मुलाकडे न्यूरेंबर्गलाच राहतात. तेव्हा साक्षीचा प्रश्न निघाला, आणि मला कळलं की समन्स पोचवणं आणि साक्ष घेणं ही दोन निराळी कामं आहेत. साक्ष-पुराव्यासाठी १९७० चा दुसरा हेग करार आहे. भारत आणि जर्मनी दोघेही त्याचे सदस्य आहेत. तिथे न्यायालयाला विनंतीपत्र काढावं लागतं, ज्याची सोय आपल्या संहितेच्या कलम ७७ आणि आदेश २६ मध्ये आहे. पक्षकारांची नावं, खटल्याचं स्वरूप, साक्षीदाराचा पत्ता आणि कोणत्या मुद्द्यांवर किंवा नेमके कोणते प्रश्न विचारायचे, हे सगळं लिहून, भाषांतर करून पाठवायचं. प्रश्न तिथला न्यायाधीश विचारतो, तिथल्या पद्धतीने. आपल्याकडे उलटतपासात एका उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो. कागदावर आधीच लिहून दिलेल्या प्रश्नांत ते साधणं कठीण. साक्षीदार आपणहून बोलायला तयार नसेल, तरच हा रस्ता धरावा असं वकीलबाईंचं मत पडलं. काकू तयार होत्या, आणि डिसेंबरात त्या गावी येणारच होत्या. न्यायाधीशांनी त्यांची साक्ष तेव्हा ठेवली.

त्या आल्या, दादाही आला. साक्षीची वेळच आली नाही. आदल्या संध्याकाळी ओसरीवर बसून मागच्या खोलीचं ठरलं आणि दुसऱ्या दिवशी तडजोडीची पुरसिस दाखल झाली.

दादाने ते पाकीट आणलं होतं. पिवळा रंग, वर खिडकी, आणि तारखेच्या चौकटीत पोस्टमनने बॉलपेनने घाईत लिहिलेलं २४.१०.२३, खाली एक आद्याक्षर. वकीलबाईंनी ते हातात घेऊन उजेडाकडे धरलं आणि प्रमाणपत्रावरच्या तारखेशी ताडून पाहिलं. मग फाइलमध्ये ठेवायला मागितलं. दादा म्हणाला, प्रत काढून घ्या, हे मी परत नेणार आहे.